‘इथे आहे’ म्हणते तर समोरच्याला ‘हायस्कूल’ ऐकू जातं: रेकॉर्ड करून तुलना करताना नेमकं ऐकायचं काय?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. मी दीड वर्ष जपानी शिकतेय, एन-फोर झालीये, ऑफिसात जपानी क्लायंटबरोबर आठवड्यातून दोन कॉल असतात. मागच्या महिन्यात स्क्रीन शेअर करून एक एरर दाखवत होते आणि म्हटलं ‘कोको देस’, म्हणजे इथे आहे, तर पलीकडचे साहेब दोन सेकंद गप्प आणि मग विचारतात, हायस्कूल? नंतर क्लासमधल्या सेन्सेईंनी सांगितलं की तुझं ‘कोको’ हे ‘कोओकोओ’ ऐकू येतं आणि कोओकोओ म्हणजे हायस्कूल.

मग मी ठरवलं की रोज रेकॉर्ड करायचं. फोनवर नेटिव्ह क्लिप लावते, लगेच मागोमाग म्हणते, रेकॉर्ड करते, दोन्ही ऐकते. तीन आठवडे झाले, रोज वीस मिनिटं, आणि खरं सांगते मला दोन्ही सेमच ऐकू येतात. सेन्सेई म्हणतात अजूनही चूक आहे. चूक कुठेय तेच ऐकू येत नसेल तर सुधारणार काय? जेएलपीटीला बोलण्याची परीक्षाच नसते त्यामुळे क्लासमध्ये यावर कुणी वेळ घालवत नाही. कुणी हे केलंय का, करताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

बाबा_घोडबंदर
आमच्या मुलीचंही असंच आहे, सातवीत आहे, इंग्लिश बोलताना शब्द गिळते. रोज पेपरमधला एक उतारा मोठ्याने वाचून घ्यायला लागलो, सहा महिन्यांत फरक पडला. तुम्हीही जपानी पेपर मोठ्याने वाचा.

ऐरोली_सेक्टर८
काका धन्यवाद, पण माझा प्रश्न वेगळा आहे. वाचन बऱ्यापैकी होतं, स्वतःची रेकॉर्डिंग आणि नेटिव्हची क्लिप यातला फरकच कानाला कळत नाही हा प्रॉब्लेम आहे.

सानपाडा_सायडिंग
हे पिच अ‍ॅक्सेंटचं प्रकरण आहे. जपानीत सूर वरखाली गेला की अर्थ बदलतो. ‘हाशी’ एका सुरात म्हटलं की चॉपस्टिक, दुसऱ्या सुरात पूल. मी एन-थ्री करतोय, आमच्या ग्रुपमध्ये सगळे आता पिचवरच काम करतात. तुझा सूर चुकत असणार, क्लिपचा सूर गुणगुणून बघ आणि तसाच म्हण.

वाशीची_नर्स
मी जर्मन बी-टू केलं, पुढच्या वर्षी जायचंय. मीपण रेकॉर्ड करायचे. आमच्याकडे ‘श्टाट’ म्हणजे देश आणि आखूड केलं की ‘श्टट’ म्हणजे शहर, ते मला पहिल्या आठवड्यातच जमलं, कारण आपल्याकडे आ आणि अ हे कानाला सरळ दोन वेगळे आवाज आहेत. तुला का जमत नाहीये तेच कळत नाही, लांब आणि आखूडच तर आहे ना?

तलावपाळी
मी ठाण्यात बरीच वर्षं जपानी शिकवतेय, या एका जागी मराठी माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायडिंग, तुम्ही हाशीबद्दल सांगितलं ते बरोबर आहे पण इथे लागू होत नाही. ‘कोको’ आणि ‘कोओकोओ’ दोन्हींचा सूर टोकियोच्या बोलीत सारखाच आहे, पहिला तुकडा खाली, मग वर आणि पुढे सपाट. सूर तोच म्हणजे फरक राहिला फक्त स्वराच्या लांबीचा. म्हणूनच सरावाला ही जोडी चांगली, एका वेळी एकच गोष्ट तपासता येते.

आता वाशीच्या ताईंचा प्रश्न, लांब-आखूडच तर आहे ना. ताई, तुम्हाला श्टाट-श्टट जमलं त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. जर्मनमध्ये लांबीबरोबर बऱ्याच स्वरांचा रंगही बदलतो आणि आपला कान रंग पकडतो. जपानीत रंग तोच राहतो, फक्त वेळ बदलते. आणि मराठीत आखूड ओ असा वेगळा स्वर नाहीच. आपला ओ आणि ए कायम दीर्घ. वृत्तात गण पाडताना ‘को’ आला की आपण डोळे झाकून गुरू धरतो, दोन मात्रा. म्हणजे वहीत देवनागरीत ‘कोको’ लिहिलंत आणि मराठीसारखं वाचलंत की चार मात्रा झाल्या. जपानी ‘कोको’ दोन मात्रांचं आहे आणि चार मात्रांचा शब्द म्हणजे हायस्कूल. तुम्ही क्लायंटला खरोखर हायस्कूलच म्हणालात, त्यांनी बरोबर ऐकलं.

आणि मराठीत हा फरक अर्थ बदलत नसल्यामुळे लहानपणापासून कानाने तो टाकून द्यायची सवय लावून घेतलीये, म्हणून तीन आठवडे ऐकूनही दोन्ही सेम वाटलं. ऐरोली, तुम्ही वहीत काय लिहिता, देवनागरीच ना?

ऐरोली_सेक्टर८
ताई हो!! पहिल्या महिन्यापासून देवनागरीत लिहिते, हिरागाना नंतर आली पण डोक्यात तीच वही आहे. दोन मात्रा-चार मात्रा वाचून अंगावर काटा आला. पण मग करू काय, कान तर तोच राहणार ना?

धारवाडी_ठाणेकर
मी वागळे इस्टेटला राहतो, घरी कन्नड. आमच्याकडे आखूड ओ आणि लांब ओ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, ए ची पण तशीच. बायको मराठी आहे, आम्ही दोघं एकाच जपानी क्लासला जायचो, मला ही चूक कधीच झाली नाही आणि तिची रोज व्हायची, तेव्हा मला वाटायचं ती लक्ष देत नाही. आज कारण कळलं, घरी गेल्यावर तिला वाचून दाखवतो. बाय द वे देवनागरीत आखूड ओ साठी ‘कॊ’ असं चिन्ह आहे, कन्नड शब्द लिहायला वापरतात, वहीत तसं लिहून बघा.

तलावपाळी
चिन्ह चालेल, पण ‘कॊ’ बघून पुष्कळ लोक ‘कॉ’ म्हणतात आणि मग स्वराचा रंगच बिघडतो. त्यापेक्षा थेट हिरागाना लिहा.

ऐरोली, पद्धत सांगते. पहिल्या आठवड्यात स्वतःला रेकॉर्डच करायचं नाही, आधी कान तपासायचा. तीन वेगवेगळ्या जपानी माणसांच्या क्लिप घ्या. फोर्वोवर सुटे शब्द मिळतात, ओळखीचं कुणी जपानी असेल तर त्यांच्याकडून ‘कोको देस’ आणि ‘कोओकोओ देस’ अशी पूर्ण वाक्यं मागून घ्या, ते जास्त चांगलं. सुट्या शब्दात शेवटचा स्वर माणूस आपोआप ओढतो, मग शेवटच्या ओ ची लांबी भरवशाची राहत नाही, पुढे ‘देस’ आलं की ओ मधे अडकतो आणि खरी लांबी दिसते. दोन्ही वाक्यांच्या मिळून वीस क्लिप करा, घरातल्या कुणाला तरी उलटसुलट लावायला सांगा, तुम्ही कागदावर फक्त ‘इथे’ की ‘हायस्कूल’ लिहायचं. वीसातली दहा-बारा बरोबर म्हणजे अंदाजपंचे. सतरा-अठरा सलग दोन-तीन दिवस आली की मग रेकॉर्डिंग सुरू.

रेकॉर्ड करताना क्रम उलटा ठेवा. आधी क्लिप न ऐकता स्वतःचं म्हणा, मग क्लिप ऐका. तुम्ही क्लिपमागोमाग म्हणता तेव्हा कानात तिचा घुमारा शिल्लक असतो आणि तुम्ही त्याची नक्कल करता, ती बरी पण येत असेल, पण कॉलवर तुमच्या आधी कुणी क्लिप लावणार नाहीये.

आणि कानावर विसंबायचं नाही, मोजायचं. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक टाका. ‘क’ च्या आधी आवाज पूर्ण बंद होतो, तिथे सपाट रेघ दिसते, मग ‘क’ सुटतो तेव्हा बारीक खरखर, आणि मग एकसारख्या लाटा सुरू होतात तो ओ. लाटा सुरू होतात तिथपासून पुढची सपाट रेघ येईपर्यंत सिलेक्ट करा, खाली लांबी येते. तिथे `hh:mm:ss + milliseconds` निवडलेलं असू दे. ‘देस’ च्या आधी सपाट रेघ मिळणार नाही कारण ‘द’ मध्ये कंठाचा आवाज चालू राहतो, तिथे लाटा एकदम बारीक होतात ती कड धरा.

आता महत्त्वाचं. तुमचे मिलिसेकंद आणि क्लिपचे मिलिसेकंद समोरासमोर ठेवू नका. एक माणूस भरभर बोलतो, एक सावकाश. तुमच्या स्वतःच्या लांब ओ ला तुमच्याच आखूड ओ ने भागा, क्लिपचंही तसंच करा आणि ती दोन उत्तरं शेजारी ठेवा.

कोपरीचा_तबला
मी तबला शिकवतो, जपानीचं ओ की ठो कळत नाही, पण मात्रांचं वाचून लिहितो. ‘को-को-दे-सु’ म्हणजे चार मात्रा आणि ‘को-ओ-को-ओ-दे-सु’ म्हणजे सहा, सरळ दादरा झाला की. हातावर टाळी देत म्हणा, मेट्रोनोम ऐंशीवर लावा, प्रत्येक मात्रा समसमान पडली पाहिजे. आमची चिमुरडी पोरं दोन महिन्यांत धरतात, तुम्हाला चार दिवसांत येईल. मशीनवर मोजायची गरजच नाही.

तलावपाळी
काका, टाळी द्यायची कल्पना उत्तम आहे, मी वर्गात तेच करते, कुठला शब्द किती मात्रांचा हे डोक्यात पक्कं बसतं. फक्त खऱ्या बोलण्यात प्रत्येक मात्रा घड्याळासारखी समान पडत नाही. ‘देस’ मधला शेवटचा उ तर टोकियोत जवळजवळ ऐकूच येत नाही तरी त्याची मात्रा मोजली जाते. मेट्रोनोमवर म्हणत राहिलं की पाठ म्हटल्यासारखं होतं. मोजायला टाळी, बोलायला क्लिप.

ऐरोली_सेक्टर८
दहा दिवसांनी परत आलेय, सगळं लिहिते.

कानाची परीक्षा पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा. नवऱ्याला वाटलं मी मुद्दाम चुकतेय. चौथ्या दिवसापर्यंत बारा-तेरावरच अडकले होते, मग मी अख्खं वाक्य ऐकायचं सोडलं आणि फक्त एकच गोष्ट धरली, की पहिला को संपून दुसरा क कधी येतो. आखूडमध्ये दुसरा क अंगावर धावून येतो, लांबमध्ये वाट बघायला लावतो. तिथून आकडा सोळा, मग अठरा, अठरा.

मग रेकॉर्डिंग. पहिले दोन दिवस वाया गेले. ब्लूटूथ इयरफोनच्या माइकवर केलं होतं, आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि सपाट रेघेच्या जागी नुसती गिजबिज कारण खिडकी उघडी आणि खाली रोडचं काम चालू. मग वायरवाला इयरफोन, खिडकी आणि पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर बाजूला. फोनची m4a फाइल माझ्या लॅपटॉपवरच्या ऑडॅसिटीत उघडत नव्हती, ऑफिसातल्या मित्राने हे दिलं:

```
ffmpeg -i me.m4a -ac 1 me.wav
```

आता आकडे. क्लिपमधल्या बाईंचे ‘कोको देस’ मधले दोन ओ ७२ आणि ८० मिलिसेकंद, ‘कोओकोओ देस’ मधले १७० आणि १८२. सरासरी ७६ आणि १७६, म्हणजे लांब ओ आखूडच्या साधारण २.३ पट.

माझे. आखूड म्हणून म्हटलेले १५५ आणि १६५. लांब म्हणून म्हटलेले १८० आणि १८८. भागाकार १.१५. म्हणजे मी दोन्ही शब्द जवळजवळ एकच म्हणत होते!! आणि मला वाटत होतं की माझा लांब ओ कमी पडतोय म्हणून तीन आठवडे मी लांबवरच जोर देत होते, तर माझा लांब ओ बाईंपेक्षाही किंचित लांबच निघाला. बिघाड आखूडमध्ये आहे, माझा आखूड त्यांच्या दुप्पट लांब आहे.

तलावपाळी
अगदी हेच सापडायला हवं होतं. जवळजवळ सगळे लांब स्वर ताणायला जातात. ताणून भागाकार २ पर्यंत नेता येतो पण आखूड तसाच राहिला तर वाक्य रेंगाळतं, आणि समोरचा तुमच्या बाकीच्या शब्दांच्या वेगावरून लांबी ठरवतो, त्यामुळे घाईत तुम्ही परत हायस्कूलवर जाल. आखूड खाली आणा, ८० ते १०० च्या मधे.

एक युक्ती. मराठीत ‘मोठा’ म्हणा आणि मग जोर देऊन ‘मोठ्ठा’ म्हणा. मोठ्ठा मधला ओ आपोआप तोकडा होतो. तो ओ तोंडात पकडा आणि तोच ‘कोको’ ला लावा, फक्त पुढचं अक्षर जोडाक्षर करू नका.

सानपाडा_सायडिंग
म्हणजे मराठीत आखूड ओ आहे की मग? आधी तर म्हणालात नाहीच.

तलावपाळी
तोंडातून निघतो, पण त्याने अर्थ बदलत नाही. ‘मोठा’ तुम्ही कितीही आखूड किंवा लांब ओ ने म्हटलंत तरी मोठाच राहतो, म्हणून कान त्याची नोंद ठेवत नाही. तुमचं बरोबर आहे, मी ‘ओ कायम दीर्घ’ लिहिलं ते वृत्ताच्या आणि लिखाणाच्या हिशोबाने, बोलण्यात तो पुष्कळ मागेपुढे होतो.

सानपाडा_सायडिंग
ओके, हे पटलं. मी काल माझं रेकॉर्ड करून मोजलं, माझा भागाकार १.४ आला. एक वर्ष पिचवर काम करतोय आणि लांबी कधी बघितलीच नव्हती. पण माझं अजूनही म्हणणं आहे की पिच चुकला की लोक जास्त गोंधळतात.

धारवाडी_ठाणेकर
बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी क्लास सोडला नसता. आता दोघं मिळून वीस क्लिपवालं करतोय.

वाशीची_नर्स
एक शंका, ‘किते’ आणि ‘कित्ते’ पण असंच मोजायचं का? माझी मैत्रीण जपानला केअरगिव्हर म्हणून जाणारे, तिला विचारायचंय. किते म्हणजे ये आणि कित्ते म्हणजे काप ना?

तलावपाळी
हो, ‘या’ आणि ‘कापा’ अशा अर्थाने. तिथे स्वर नाही, त च्या आधीची सपाट रेघ मोजायची. जोडाक्षर आपल्याला जन्मापासून येतं त्यामुळे मराठी लोक यात कमी चुकतात. पण ही जोडी मोजायला वाईट आहे, क आणि त च्या मधला इ जपानी लोक पुष्कळदा नुसत्या श्वासात म्हणतात, लाटाच दिसत नाहीत, आणि मग क कुठे संपला आणि रेघ कुठे सुरू झाली यावर डोकं फुटतं. तिला ‘साका’ आणि ‘साक्का’ घ्यायला सांगा, चढ आणि लेखक. सूर दोन्हींचा वेगळा असेल, तो सध्या सोडून द्यायचा.

ऐरोली_सेक्टर८
अजून तीन आठवड्यांचा रिपोर्ट. मोठ्ठा ची युक्ती चालली. आखूड आता ९० आणि १०५, लांब २०५ आणि २१५, भागाकार २.१ च्या वर. सेन्सेईंना न सांगता क्लासमध्ये दोन्ही वाक्यं म्हटली तर त्यांनी लगेच दोन्ही बरोबर ओळखली.

पण परवा कॉल होता तो मी परवानगी घेऊन रेकॉर्ड केला आणि नंतर मोजला. वाचून म्हटलेल्या वाक्यांत ठीक आहे. मधे एकदा सर्व्हर डाउन झाला तेव्हा मी घाईत जे ‘कोको’ म्हटलंय ते १४० आहे. चारदा म्हटलं, चारही वेळा १३० च्या वर. म्हणजे लक्ष असलं की जमतं आणि लक्ष एररवर गेलं की मराठी ओ परत येतो. ताई यावर काय करायचं?

तलावपाळी
याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांचं वर्षभरात बसलं, काहींचं जपानला जाऊन दोन वर्षं राहिल्यावर बसलं, एकीचं अजूनही फोनवर घसरतं. मी एवढंच करायला लावते की सुटी वाक्यं बंद करायची आणि एखादं खरं काम करता करता रेकॉर्ड करायचं, म्हणजे जपानीत कुणाला तरी ऐरोली स्टेशनवरून घरचा रस्ता सांगायचा, त्यात इथे-तिथे वीस वेळा येतं, आणि नंतर फक्त तेवढे ओ मोजायचे.

कोपरीचा_तबला
ताई, हे आमच्याकडेही आहे. हातावर ठेका पक्का असतो, गवई समोर बसला की लय पळते. आम्ही मुलाला ठेका धरायला लावून त्याच्याशी गप्पा मारतो, बोलता बोलता ठेका टिकला तर तो बसला. ऐरोली, तुम्ही भाजी चिरता चिरता रस्ता सांगून बघा.

ऐरोली_सेक्टर८
काका उद्या सकाळी डब्याची भाजी चिरताना फोन ओट्यावर ठेवते. कुकर लावायच्या आधी करावं लागेल, नाहीतर शिट्टीत सपाट रेघ मिळायची नाही. आणि ताई, ‘ओबासान’ आणि ‘ओबाआसान’ मोजायला घेतलं, मावशी आणि आजी, तिथे माझा भागाकार १.२ आहे. आ चं पण तेच.